किमान बारा

आमच्या चॅपलमध्ये व्यासपीठाशेजारच्या भिंतीवर एक लाकडी पाटी आहे. त्या-त्या रविवारी जी स्तोत्रं म्हणायची, त्यांचे क्रमांक त्यात सरकवून ठेवतात. ते काम वर्षानुवर्षं इद्वलकाकांचं. शनिवारी संध्याकाळी ते येतात, चष्मा कपाळावर ढकलतात, डब्यातले पितळी आकडे एकेक करून खाचेत बसवतात आणि मग मागे सरून पाटीकडे असे बघतात, जणू अर्धी प्रार्थना तिथेच झाली.

जुलैच्या त्या शेवटच्या रविवारी पाटीवर ६१८, २४७ आणि ९३ होते. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

लंडनमधल्या वेल्श माणसांचं चॅपल म्हणजे नातेवाईक नसलेल्यांचं घर. माझे वडील गेले त्या वर्षी मी शेवटच्या बाकावर बसून नुसती रडायचे, गाणं सोडून दिलं होतं. तेव्हा इद्वलकाका पुढची मानाची जागा सोडून माझ्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "मारेद, तुझा आवाज नसला की माझा खालचा सूर लटकतो बघ. गा पोरी." त्यानंतर मी गायले. आणि त्यानंतर वर्षभरात त्यांनीच मला त्यांच्या धंद्यात आणलं, शेजारचं टेबल मिळवून दिलं.

धंदा म्हणजे शेअरचा. लिव्हरपूल स्ट्रीटमागे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही काही जण टेबलं भाड्याने घेऊन बसतो. पैसे ज्याचे त्याचे, खातं ज्याचं त्याचं. छप्पर आणि चहाची किटली तेवढी सामाईक. ज्या कंपनीची ती जागा आहे ती आमच्या पैशांवर आणखी पैसे वापरायला देते, त्यामुळे कुणी किती बुडावं याची हद्दही तीच ठरवते. त्या हद्दीवर पहारा कॉबोल्डबाईंचा. काचेच्या खोलीत बसतात, आवाज कधी चढवत नाहीत, आणि त्या उठून कुणाच्या टेबलाकडे चालू लागल्या की अख्खा मजला मान खाली घालतो.

माझं ते वर्ष वाईट चाललं होतं. वसंतात दोनदा हद्द ओलांडली होती. जूनमध्ये कॉबोल्डबाईंनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "मारेद, आणखी एकदा झालं तर टेबल सोडावं लागेल. मला वाईट वाटेल. पण वाटलं तरी मी सोडायला लावीन."

ते टेबल मला जाऊ द्यायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला येत होतं.

काय येत होतं? निकाल वाचणं. कंपनीचा सहामाही निकाल सकाळी सातला जाहीर होतो, बाजार आठला उघडतो. मधल्या तासात तीस-चाळीस पानांतून सत्य हुडकून काढायचं. इद्वलकाकांनी ते मला शिकवलं, तेही चॅपलच्या पायऱ्यांवर उभं राहून, हातात त्यांच्या बायकोनं, नेस्टाकाकूनं, केलेल्या मनुकांच्या पावाचा तुकडा घेऊन.

"निकाल चांगला आला का, हे मास्तरानं विचारावं," ते म्हणाले होते. "आपण विचारायचं, लोकांनी मनात धरला होता त्याहून चांगला आला का? भाव म्हणजे बातमी नव्हे, पोरी. भाव म्हणजे बातमीची वाट बघणारी गर्दी. ज्यांना चांगल्या बातमीच्या आशेनं घ्यायचं होतं त्यांनी आधीच घेऊन ठेवलेलं असतं. बातमी आली की ते सगळे एकदम दाराकडे बघतात, कुणी नवीन गिऱ्हाईक येतंय का. आलं नाही, तर मग विकणारेच उरतात. चांगल्या निकालावर भाव पडतो तो असा."

"मग चांगला निकाल वाचायचाच कशाला?"

"कारण खरी गोष्ट मागच्या काळात नसते. कंपनी पुढचं काय म्हणते, त्यात असते. आणि ते ती आकड्यांत सांगत नाही, शब्दांत सांगते. शब्द कसे ऐकायचे हे आपल्याला कुणी शिकवायला नको."

ते खरंच होतं. आमच्या जुन्या उपदेशकांचं निरूपण तुम्ही ऐकलं नसेल. शास्त्रातला एकच शब्द घेतात. आधी साधं बोलतात, मग तो शब्द उलटा करून बघतात, सुलटा करून बघतात, मग बोलता बोलता आवाज चढायला लागतो, आणि कधी बोलणं संपून गाणं सुरू झालं ते बसलेल्याला कळतच नाही. अख्खं चॅपल त्या एका शब्दावर श्वास धरून बसतं. माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं. देव एवढ्याशा शब्दात मावतो, हे बघून येतं.

तर असं आम्ही काम वाटून घेतलं होतं. आकडे माझे, शब्द त्यांचे. विक्री, नफा, हातात आलेली रोकड, गिऱ्हाइकांकडून येणं किती, कर्ज किती, हे मी बघायची. अध्यक्षांचं मनोगत, पुढच्या काळाचा अंदाज, शेवटच्या पानांवरच्या बारीक टिपा, हे काका बघायचे. सातच्या ठोक्याला तीन-तीन कंपन्यांचे निकाल एकदम आदळतात. एकट्यानं सगळं वाचून होत नाही. मग आम्ही एकमेकांना सांगायचो. कित्येक सकाळी त्यांनी मला वाचवलं, कित्येक सकाळी मी त्यांना.

आणखी एक सांगायचं राहिलं. काकांचा एक चाळा होता. एका वेळी किती शेअर घ्यायचे, किती विकायचे, त्यासाठी ते रविवारच्या पाटीवरचे आकडे शून्य जोडून वापरायचे. ६१८ असेल तर ६१८०. ९३ असेल तर ९३००. आमच्या मजल्यावर विल्फ नावाचा एसेक्सचा एक गडी बसतो, जिभेला हाड नसलेला. तो म्हणायचा, "इद्वल, देवाला दलाली किती टक्के देतोस रे?" काका हसून म्हणायचे, "तुझ्यापेक्षा जास्त आणि वेळेवर."

त्या मंगळवारी हॅल्सडेलचा निकाल होता. हॅल्सडेल म्हणजे दुकानांतली दुधाची, मटणाची थंड कपाटं बनवणारी कंपनी. मध्यम आकाराची, तिच्यावर लक्ष ठेवणारे विश्लेषक मोजून तीन. एप्रिलमध्ये तिनं सांगितलं होतं, या वर्षी नफा किमान बारा टक्क्यांनी वाढेल. किमान. त्या एका शब्दावर भाव तीन महिने चढत होता. तीनशे नव्वद पेन्सवरून पाचशेवर आला होता. विश्लेषकांनी कागदावर सतरा टक्के लिहिले होते, आणि बाजारात कुजबूज त्याहूनही वरची होती. "जुलैत बाराचे अठरा करणार," असं जो तो म्हणत होता.

आमच्या मजल्यावर जवळपास सगळ्यांकडे हॅल्सडेल होता. काकांकडे सगळ्यात जास्त, वसंतापासूनचा. माझ्याकडे थोडासा, उशिरा घेतलेला.

सकाळी सात. पडद्यावर मथळा आला. मी आकड्यांत शिरले.

"विक्री चौदानं वर!" मी म्हणाले. "नफा वीसनं! लाभांश वाढवलाय!"

"वा!" विल्फ पलीकडून ओरडला. "माझ्या पोराच्या दातांच्या तारांचे पैसे निघाले!"

 काका खाली वाकून वाचत होते. वाचताना त्यांचे ओठ हलतात.

मी पुढे गेले. एका ठिकाणी अडखळले. नफा वीसनं वाढला होता, पण हातात आलेली रोकड मागच्या वर्षापेक्षा कमी होती. गिऱ्हाइकांकडून येणं मात्र विक्रीच्या दुपटीहून जास्त वेगानं वाढलं होतं. म्हणजे माल गेला होता, पैसे यायचे होते. असं कधी होतं? सहामाहीच्या अगदी शेवटच्या दिवसांत पुष्कळ माल एकदम उठला की होतं. आणि तसा तो का उठावा?

"काका," मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली, "येणं फुगलंय. जूनमध्ये कुणी घाईघाईनं माल उचललाय असं वाटतंय. तुमच्या पानांत काही आहे का तसं? किंमतवाढीबद्दल वगैरे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बारा आहेत, पोरी," ते म्हणाले. "नवव्या पानावर. बाराच आहेत."

"वाढवले नाहीत?"

"बारा आहेत. सहामाहीला वीस करून बसलेत, आणि वर्षाचे बारा म्हणतायत." आणि हसले. "तू गणित केलंस की सांग."

मी काय समजले, सांगते. मी समजले, ते नेहमीसारखे मला शिकवतायत. कंपन्या हात राखून बोलतात, किमान बारा म्हणतात आणि अठरा करून दाखवतात, हे आम्ही किती वेळा बघितलं होतं. पहिल्या अर्ध्यात वीस झाले, तर "किमान बारा" हा फक्त जमिनीचा आकडा झाला, छत अजून उघडं. मी स्वतःही एकदा नवव्या पानावर नजर टाकली. बारा दिसले. ते वाक्य एप्रिलपासून मला पाठ होतं. पाठ असलेलं स्तोत्र म्हणताना पुस्तकाकडे कोण बघतं? डोळे ओळीवरून जातात आणि तोंड आपोआप चालतं. तसं माझं वाचन झालं.

सात पन्नासला सकाळचा लिलाव सुरू होतो. बाजार उघडण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांच्या खरेदी-विक्रीच्या मागण्या गोळा होतात आणि त्यातून पहिला भाव ठरतो. पडद्यावर तो संभाव्य भाव थरथरत होता. पाचशे दहा. पाचशे अठरा. पाचशे सव्वीस.

"घेऊ का अजून?" मी काकांना विचारलं.

आज वाटतं, हा प्रश्न मी त्यांना विचारायलाच नको होता. पण सात वर्षं दर वेळी मी त्यांनाच विचारलं होतं.

"तुझं मन काय म्हणतंय?" ते म्हणाले.

"म्हणतंय घे."

"मग मन कशाला दुखवतेस?"

मी घेतले. होते त्याच्या दुप्पट केले. आठला बाजार पाचशे सव्वीसवर उघडला.

पहिली पाच-सहा मिनिटं भाव वरच होता. मी मागण्यांची रांग बघत होते. आमच्या पडद्यावर नावं नसतात. कुणी, किती, कोणत्या भावाला विकायला ठेवलेत, त्यातलं फक्त किती आणि कोणत्या भावाला हे दिसतं. विकणाऱ्यांच्या बाजूला एक आकडा उभा होता.

६१८०.

मी पापणी मिटून उघडली. तो आकडा खपला. त्याच्या जागी खालच्या भावाला दुसरा आला. २४७०. तोही खपला. मग ९३००. मग परत ६१८०.

मी मान वळवली नाही. वळवता आली नाही. शेजारी, हात लांब केला तर बाही लागेल इतक्या अंतरावर, काका कीबोर्डवर बोटं चालवत होते. शांतपणे. रविवारची पाटी विकत होते.

मी नववं पान उघडलं. या वेळी बोट शब्दाखाली ठेवून वाचलं, जसं लहान मुलाला शिकवतात तसं.

"संचालक मंडळाला पूर्ण वर्षाची नफावाढ सुमारे बारा टक्के अपेक्षित आहे."

सुमारे.

एप्रिलचा कागद काढून शेजारी ठेवला. किमान बारा. आजचा. सुमारे बारा. जमीन काढून घेतली होती आणि आकडा तिथेच ठेवला होता. त्याच्या खाली बारीक टिपेत लिहिलं होतं की जुलैच्या किंमतवाढीआधी काही गिऱ्हाइकांनी आपली पुढची खरेदी आधीच उरकून घेतली.

आता गणित केलं. जे काकांनी मला सांगितलं होतं करायला, आणि जे त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. मागच्या वर्षी दोन्ही सहामाहींत शंभर-शंभर धरले, तर वर्षाचे दोनशे. बारा टक्के वाढ म्हणजे दोनशे चोवीस. पहिल्या अर्ध्यात एकशे वीस होऊन गेले. उरले एकशे चार. म्हणजे पुढचे सहा महिने वाढ फक्त चार टक्के. लोकांनी मनात धरली होती चौदा-पंधरा. पहिल्या अर्ध्याचा आनंद हा दुसऱ्या अर्ध्यातून आधीच खाऊन झालेला होता.

निकाल चांगलाच होता. नफ्याचे वीस टक्के खरे होते, विक्रीचे चौदा खरे होते, लाभांश खरा होता. बारासुद्धा खरे होते. त्या सकाळी त्या मजल्यावर कुणीही खोटं बोललं नव्हतं. काका तर मुळीच नाही.

 मी उभी राहिले.

"विल्फ," मी म्हणाले. माझा आवाज फाटला. "विल्फ, नववं पान बघ. किमान गेलंय. 'सुमारे' लिहिलंय."

"काय?"

"किमान बारा नाही. सुमारे बारा! आणि पुढचा माल जूनमध्येच उचललाय. दुसरं अर्धं बुडालंय. वीक!"

विल्फनं एक शिवी घातली, ती इथे लिहीत नाही, आणि विकायला लागला. त्याच्यामागे आणखी दोघे. त्याच सुमाराला बाहेर तीनपैकी एका विश्लेषकाची चिठ्ठी आली असावी, कारण भाव एकदम जिना उतरू लागला. पाचशे पाच. चारशे नव्वद. विकणारे दिसत होते, घेणारे पांगले होते. काकांच्या पायऱ्यांवरच्या शिकवणीत म्हटलं होतं तसंच. ज्यांना घ्यायचं त्यांनी आधीच घेतलं होतं. शेवटचं गिऱ्हाईक मी होते.

मी विकायला लागले. चारशे एक्क्याऐंशी, चारशे सत्तर. शेवटचे चारशे अडुसष्टला गेले. काकांच्या पडद्यावर शेवटचा ६१८० अडकला होता, घेणारा मिळत नव्हता. तेवढाच.

काचेच्या खोलीचं दार उघडलं.

मला कळलं होतं. कॉबोल्डबाई येऊन माझ्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या, खांद्यावर हात ठेवला. "मारेद."

"माहितीये," मी म्हणाले. "ओलांडली."

"शेवटचे जरा आधी विकले असतेस तर..." त्या थांबल्या. "पडदा मी बंद करते. तू चहा घे."

त्यांनी वाकून बटण दाबलं. काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसला आणि त्याच्या मागे काकांचा.

चहाच्या खोलीत ते माझ्यामागून आले. किटली आधीच उकळून निवली होती. त्यांनी पुन्हा लावली. 

"मी तुला सांगितलं होतं, गणित कर," ते म्हणाले.

"तुम्ही मला बारा सांगितलेत."

"बारा होतेच."

"काका, सात वर्षं शब्द तुमचे होते."

"पोरी, तुझं टेबल तुझं, माझं टेबल माझं. हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं. पण विकत होतात ते कुणाला?"

 ते हळू आवाजात बोलू लागले, चॅपलमध्ये प्रार्थनेला बोलतात त्या आवाजात. "माझ्याकडे खूप होते, मारेद. एवढे विकायचे म्हणजे घेणारा लागतो. मी ओरडलो असतो तर भाव तिथेच कोसळला असता. नेस्टाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घराचं छत... तुला कळत नाही असं नाही."

"मला विचारायचंत ना. मी म्हणाले असते, विका काका, मी गप्प बसते. माझे पण विकते. तुमच्यानंतर विकते."

खरं सांगते, मी असंच म्हणाले असते. त्यांनाही ते माहीत होतं. म्हणूनच त्यांनी कपात साखर दोनदा घातली.

"ऐक," ते म्हणाले. "टेबल गेलं तरी बिघडत नाही. माझ्याकडे ये. आजचं माझं चांगलं झालंय. तू आकडे वाच, मी खातं चालवतो, मिळेल त्यातला हिस्सा तुझा. जसं होतं तसंच चालू दे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्यासारख्या घेणाऱ्यांच्याच पैशांतून ते मला पगार देऊ करत होते, आणि मनापासून देत होते. चेहऱ्यावर तेच प्रेम होतं जे वडील गेले तेव्हा होतं. मला वाटतं तेव्हाही ते खरं होतं. यामुळेच जास्त लागलं.

"पाटीवरचे आकडे कशाला वापरलेत?" मी विचारलं.

"काय?"

"६१८. २४७. दुसरे कुठलेही वापरायचेत. मला कळलंच नसतं."

त्यांचा हात चमच्यावर थांबला. मला वाटतं, त्यांना ते तेव्हाच कळलं. ते खूप हळू म्हणाले, "सवय."

मी कप धुऊन जागेवर ठेवला. विल्फ दारात उभा होता, किती वेळ कोण जाणे. त्यानं माझा कोट आणून ठेवला होता.

"मारेद," तो म्हणाला, "मी काही देवाबिवाचा माणूस नाही. पण तू ओरडलीस ना, तेव्हा माझं अर्धं वाचलं. दारू मी पाजणार."

"मी दारू पीत नाही, विल्फ."

"मग काय पितेस बाई? पवित्र पाणी?"

मला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं. मग पायऱ्या उतरताना रडू आलं.

पुढचे दिवस मी घरीच होते. चॅपलला जायचं नाही, असं दोनदा ठरवलं. ज्या घरात त्या पाटीवर काकांनी त्याच बोटांनी आकडे बसवायचे, त्या घरात जाऊन मी काय गाणार? मग वाटलं, घर त्यांचं थोडंच आहे. माझ्या वडिलांनी त्या बाकावर शेवटचं गाणं गायलं. त्या पाटीवरच्या आकड्यांमागे जो देव आहे, त्यानं मला काही कमी वाचून दाखवलेलं नाही.

रविवारी जरा उशिरा पोचले. शेवटच्या बाकावर बसले. काका पुढे आपल्या मानाच्या जागेवर होते. मानेवरची नवीन कापलेल्या केसांची कड माझ्या बाकावरूनही दिसत होती. पाटीवर नवे क्रमांक होते. मी ते वाचले, आणि लगेच मनात शून्य जोडून बघितलं, तेव्हा स्वतःचाच राग आला.

त्या दिवशी उपदेशक कार्डिगनहून आले होते, म्हातारे, काठी टेकत. त्यांनी शास्त्रातला एक शब्द घेतला. "तरीही" हा. सुरुवातीला साधं बोलले. माणसं चुकतात, विकतात, विसरतात, तरीही. मग आवाज चढू लागला. तरीही. खिडकीच्या काचा हलाव्यात असा तो शब्द फिरत फिरत वर गेला, बोलणं कधी संपलं कळलं नाही, आणि म्हातारा गात होता. चॅपलभर लोकांचा श्वास थांबला होता. मी वाट बघत होते डोळ्यांत पाणी यायची.

आलं. पण या वेळी सोबत दुसरंही काही आलं. "तरीही" म्हणायला पुढे क्षमा यावी लागते. माझ्याकडे ती अजून नव्हती. देवाकडे असेल. मी ते काम त्याच्यावर सोडलं.

मग स्तोत्राला सगळे उभे राहिले. पहिल्या ओळीला काकांचा खालचा सूर लागला, आणि मी ओळखते तसं, जरासा थांबला. माझ्या आवाजाची वाट बघत होता. त्यांनी मान किंचित मागे वळवली. डोळे ओले होते.

ते स्तोत्र मला लहानपणापासून पाठ आहे. तरी मी पुस्तक उघडलं, पान काढलं, आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. पहिलं कडवं मी नुसतं वाचलं. काकांचा सूर एकटाच चालत होता, जरा लटकत.

दुसऱ्या कडव्याला मी गायला लागले. बोट न उचलता, एकेक शब्द बघत.